ब्रोमोऑक्टेनपासून निव्वळ ऑक्टिलअमाईन: अमोनिया सोडून थॅलिमाइड घ्यावं की अझाइड?

वडगावकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एमएस्सी ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये लांब साखळीची अमाइडं करून ती आम्लात ठेवलेल्या माइल्ड स्टीलच्या पट्ट्यांवर गंजरोधक म्हणून तपासायची आहेत. त्यासाठी चारपाच ग्रॅम ऑक्टिलअमाईन लागतं. बाटली विकत मिळते हे ठाऊक आहे, पण पुढे अशा साखळ्या लागणार आहेत ज्या सहज मिळत नाहीत, म्हणून कृती बसवायलाच हवी असं आमच्या गाइड मॅडमचं म्हणणं आहे.

विभागात पूर्वीपासून चालत आलेली कृती अशी: १-ब्रोमोऑक्टेन आणि अल्कोहोलमधला अमोनिया जाड काचेच्या बंद बाटलीत ठेवायचा, मग आम्ल-अल्कली करून ईथरमध्ये काढायचं. त्याप्रमाणे केलं. कार्बिलअमाईन टेस्ट आली, तो घाण वास लगेच सुटला, म्हणून लॅबमध्ये 'प्रायमरी आहे, पुढे जा' असं ठरलं. मला खात्री वाटेना म्हणून थोडं अल्कोहोलमध्ये विरघळवून टायट्रेशन केलं. ०.२६७ ग्रॅमला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १५.० मिली लागलं. म्हणजे समतुल्य भार १७८. ऑक्टिलअमाईनचा तर १२९ यायला हवा.

आमच्याकडे एनएमआर नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. आयआर आहे. यातून काय समजायचं, आणि थॅलिमाइडचा मार्ग बरा की अझाइडचा?

मलप्रभाकाठ

बाळ, तू टायट्रेशन केलंस तेच मोलाचं काम केलंस. कार्बिलअमाईन टेस्ट फक्त 'आत प्रायमरी अमाईन आहे' एवढं सांगते. 'दुसरं काही नाही' हे ती कधीच सांगत नाही. निम्मा माल प्रायमरी असला तरी वास तेवढाच सुटणार.

आता १७८ कडे बघ. ऑक्टिलअमाईनचा रेणुभार १२९.२, डायऑक्टिलअमाईनचा २४१.५. दोघांनाही एक-एकच प्रोटॉन लागतो, म्हणून तुझा आकडा या दोघांची सरासरी आहे. ट्रायऑक्टिल आणि पाणी तूर्त बाजूला ठेवू. १७८ येण्यासाठी १०० रेणूंत साधारण ५७ ऑक्टिलचे आणि ४३ डायऑक्टिलचे असायला हवेत. वजनाने पाहिलंस तर अर्ध्याहून जास्त, जवळजवळ ५९ टक्के, डायऑक्टिलअमाईनच आहे. ब्रोमोऑक्टेन आणि दुप्पट मोल अमोनिया घेतल्यास सुमारे ४५ टक्के प्रायमरी आणि ४३ टक्के सेकंडरी मिळतं असं पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. तुझी बाटली त्याच्या जवळच आहे. तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही, ती अभिक्रियाच तशी आहे.

कारण सांगतो. पहिला ऑक्टिल गट लागला की ऑक्टिलअमोनियम ब्रोमाइड तयार होतं. बाजूला अमोनिया असतोच, तो त्याचा प्रोटॉन ओढून घेतो आणि मोकळं ऑक्टिलअमाईन बाहेर पडतं. हे मोकळं अमाईन अमोनियापेक्षा ब्रोमाइडवर जास्त जोरात चालून जातं. म्हणजे जो माल तयार झाला तोच उरलेल्या ब्रोमोऑक्टेनसाठी अमोनियाशी झगडतो, आणि माल वाढत जाईल तसा तो वरचढ होतो.

आणि हा माल पुढे अमाइड करायला घेऊ नकोस. आम्ल क्लोराइड दोन्ही अमाईनांना धरतं. दोन अमाइडं एकत्र झाली की गंजरोध कुणी केला ते तुला सांगता येणार नाही.

निपाणीकर_७८

एवढा फाफटपसारा कशाला? अमोनिया भरपूर घ्या. मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लापासून ग्लायसिन करताना अमोनिया प्रचंड जास्त घेतात आणि चांगलं ग्लायसिन मिळतं. २० पट घेतला तर दुसरं अल्किलेशन व्हायला रेणू भेटणारच नाही. लिकर अमोनिया स्वस्त आहे, मिलीवर मिली ओता. आणि एवढं करून थोडं डायऑक्टिल झालंच तर ऊर्ध्वपातन करा. एक १८० च्या आत उकळतं, दुसरं ३०० च्या आसपास. शंभरावर अंशांचा फरक आहे.

मलप्रभाकाठ

निपाणीकर, ऊर्ध्वपातनाचं तुमचं बरोबर आहे. ऑक्टिल आणि डायऑक्टिल वेगळे करता येतात. पण निम्मा ब्रोमोऑक्टेन त्यात वाया जातो, आणि पाच-सहा ग्रॅमच्या मालात छोट्या फ्लास्कमध्ये काटेकोर भाग पाडणं सोपं नाही.

अमोनिया वाढवला की प्रायमरीचं प्रमाण वाढतं, हेही खरं. पण ग्लायसिनचं उदाहरण इथे लागू होत नाही. ते सगळं पाण्यात विरघळतं. शिवाय तिथे तयार झालेल्या ग्लायसिनच्या नायट्रोजनशेजारी कार्बोक्झिलेट असतो, त्यामुळे तो पुढे फारसा सरसावत नाही. ब्रोमोऑक्टेन लिकर अमोनियात ओतलंत तर ते खाली तेलासारखं वेगळं बसतं. अमोनिया वर पाण्यात राहतो. सीमेवर थोडं ऑक्टिलअमाईन झालं की आठ कार्बनांची साखळी त्याला पाण्यातून तेलात ओढून नेते. म्हणजे ते थेट ब्रोमोऑक्टेनच्या घोळक्यात जातं आणि अमोनिया तिथे जवळपास नसतोच. बाटलीत एकंदर २० पट अमोनिया असला तरी अभिक्रिया चालते त्या जागी तो २० पट नसतो. म्हणून अल्कोहोल हवा, आणि अल्कोहोलमध्ये तेवढा अमोनिया मुरवायचा तर दाबाचं पात्र हवं. कॉलेजच्या बाटलीत ते करू नये.

निपाणीकर_७८

तेलाच्या थराचा मुद्दा मान्य. तरी दाबाचं पात्र असेल तर अमोनियाच बरा, या मतावर मी आहे. कारखाने कुठे थॅलिमाइड वापरतात?

उद्यमबाग_कोरशॉप

मॅडम, अमाईन शुद्ध करायचं म्हणताय म्हणून विचारतो. आमच्या फौंड्रीत कोल्ड बॉक्सचे कोर करताना अमाईनचा गॅस सोडतात. स्क्रबरमध्ये आम्ल ठेवतो, त्यात ते अडकतं. ते परत काढून तुम्हाला चालेल काय? आमच्याकडं ते नुसतं साठूलंय. वास म्हणाल तर अख्ख्या शेडमध्ये मासळी बाजार.

कणकुंबीचा

उद्यमबाग अण्णा, तुमचं अमाईन वेगळं. तुम्ही सोडता ते ट्रायइथिलअमाईन नाहीतर डायमिथिलइथिलअमाईन, म्हणजे टर्शरी. त्याच्या नायट्रोजनवर एकही हायड्रोजन नाही, म्हणून ते आयसोसायनेटमध्ये स्वतः अडकत नाही. फिनॉलिक रेझिन आणि आयसोसायनेट जुळवून देतं आणि बाहेर पडतं, म्हणूनच ते तुमच्या स्क्रबरपर्यंत पोहोचतं. ताईंना हवंय ते प्रायमरी. ते तुमच्या कोरबॉक्समध्ये सोडलं तर आयसोसायनेटला धरून युरिया होऊन तिथेच बसेल, रेझिनला आयसोसायनेट कमी पडेल. तेव्हा तुमचं ताईंच्या कामाचं नाही आणि ताईंचं तुमच्या कामाचं नाही.

आता मूळ प्रश्न. मी गोव्यात औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे, चोर्ल्याचा घाट आठवड्याला उतरतो. निपाणीकर, कारखाने थॅलिमाइड वापरतात हो. ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घरोघरी असते. तिच्यातला प्रायमरी अमाईन गट थॅलिमाइडच्या रूपात झाकून आणतात आणि शेवटी पाण्यातल्या मिथिलअमाईनने मोकळा करतात. त्याच औषधाच्या आधीच्या कामात तो गट अझाइड म्हणून आणून हायड्रोजनने अमाईन करण्याचा मार्गही होता. म्हणजे ताईंनी विचारलेली निवड मोठ्या प्रमाणावरही करावी लागलेली आहे.

दोन्हींचं मर्म एकच. नायट्रोजन असा आणायचा की एक अल्किल गट लागल्यावर तो पुढे चालूच शकणार नाही. थॅलिमाइडच्या नायट्रोजनवर एकच हायड्रोजन असतो आणि दोन्ही बाजूंना कार्बोनिल. त्यामुळे तो हायड्रोजन चांगलाच आम्लधर्मी, पीकेए ८.३ च्या आसपास, आणि पोटॅशियम क्षार सहज होतो. ऑक्टिल लागल्यावर काढायला हायड्रोजन उरत नाही आणि एकाकी जोडी दोन्ही कार्बोनिल ओढून धरतात. अझाइडचं तसंच, ऑक्टिल अझाइड दुसऱ्या ब्रोमोऑक्टेनवर हल्ला करत नाही. म्हणून डायऑक्टिल होतच नाही. झालेलं वेगळं काढण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

फक्त अझाइडबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. रेणूतले कार्बन आणि ऑक्सिजन मोजा, त्याला नायट्रोजनांनी भागा. उत्तर ३ किंवा जास्त असेल तरच ते अझाइड वेगळं काढून ठेवण्याचा विचार करायचा. ऑक्टिल अझाइडला ८ भागिले ३, म्हणजे २.७. ३ च्या खाली. अशी अझाइडं ५ ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी करू नयेत, थंड ठेवावीत, आणि ऊर्ध्वपातन तर अजिबात नको. चारपाच ग्रॅम अमाईनसाठी ५० मिलिमोल घेतलंत तर तुमच्याकडे पावणेआठ ग्रॅम अझाइड होईल. माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्याने तेवढं करू नये.

वडगावकरीण

कणकुंबी दादा, खूप आभार. पण थॅलिमाइडमधून अमाईन मोकळं करायला लागणारं हायड्राझिन मॅडमना नको आहे, विषारी म्हणून. त्यांचा कल सोडियम अझाइड आणि ट्रायफिनाइलफॉस्फीनकडे आहे. ते सगळं साध्या तापमानाला होतं असं त्या म्हणतात. ते कसं करतात ते सांगाल का? मग दोन्ही समोर ठेवून ठरवेन.

कणकुंबीचा

सांगतो, पण २० मिलिमोलचंच. ब्रोमोऑक्टेन ३.८६ ग्रॅम, सोडियम अझाइड १.९५ ग्रॅम म्हणजे दीडपट, डीएमएफ ४० मिली. ५० ते ६० अंशांना हलवत ठेवायचं, सगळं हूडमध्ये आणि ढालीमागे. अझाइड प्लास्टिकच्या चमच्याने मोजायचं, धातूच्या नाही. ब्रोमाइड संपलं की पाण्यात ओतून ईथरने काढायचं. इथे सवयीने डायक्लोरोमिथेनची बाटली उचलली जाते, ती उचलू नका. उरलेलं अझाइड त्याच्यावर लागून डायअझिडोमिथेन होतं, आणि ते फुटतं. पाण्याच्या थरात आम्लही घालायचं नाही, हायड्राझोइक आम्लाचा वायू सुटतो, तो विषारीही आहे आणि स्फोटकही.

ईथरचा थर धुऊन, कोरडा करून, तसाच द्रावणात ठेवायचा. कोरडं तेल करायचं नाही. मग त्यात ट्रायफिनाइलफॉस्फीन ५.२५ ग्रॅम थोडं थोडं. नायट्रोजन सुटतो, या मापाला जवळजवळ अर्धा लिटर. म्हणून भांडं उघडं हवं आणि घाई नको. बुडबुडे थांबले की टीएचएफ आणि पाणी घालून कोमट हलवत ठेवायचं, तेव्हा अमाईन मोकळं होतं. आयआरमध्ये २१०० च्या आसपासचा उंच सुळका गेला की अझाइड संपलं. तुमच्याकडे आयआर आहे, ही मोठी सोय.

खरं डोकं खाणारी गोष्ट ट्रायफिनाइलफॉस्फीन ऑक्साइड. २.६ ग्रॅम अमाईनच्या मागे ५.६ ग्रॅम ऑक्साइड. पण इथे अमाईनचा क्षारधर्म कामाला येतो. पातळ हायड्रोक्लोरिकने काढलं की अमाईन पाण्यात उतरतं आणि ऑक्साइड बहुतेक ईथरमध्ये राहतं. पाण्याचा थर दोनतीनदा ईथरने धुवा, मगच अल्कली घाला.

आणि पहिल्या पाण्यातलं उरलेलं अझाइड सिंकमध्ये ओतू नका. तांब्याशिशाच्या नळ्यांत त्याचे क्षार साठून फुटतात. हूडमध्ये आधी सोडियम नायट्राइट घालायचं, मग हळूहळू आम्ल. हा क्रम उलटा केला तर पुन्हा तोच वायू. शेवटी स्टार्च-आयोडाइड कागद निळा झाला म्हणजे नायट्राइट उरलं, अझाइड संपलं.

हायड्राझिन विषारी आहे हे खरंच. पण सोडियम अझाइडला कमी विषारी समजून कुणी त्याच्याकडे वळू नये, एवढंच म्हणणं.

हुक्केरीचा

मला थॅलिमाइडचा अनुभव वाईट आहे. मी धारवाडला पीएचडी करतो. २-ब्रोमोऑक्टेन, पोटॅशियम थॅलिमाइड, डीएमएफ, १०० अंशांच्या वर रात्रभर. सकाळी पाण्यात ओतलं तर वर पातळ, रॉकेलसारखा वास असलेलं तेल तरंगत होतं आणि थॅलिमाइडचं उत्पन्न अगदी थोडं. टीएलसीवर यूव्हीखाली फक्त मूळ थॅलिमाइड. त्यामुळे माझ्या मते थॅलिमाइडची ही गॅब्रिएल पद्धत पुस्तकातच ठीक आहे. ताई, अझाइडच करा.

मलप्रभाकाठ

हुक्केरीकर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष ताईंच्या कामाला लागू होत नाही. तुमचं ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर आहे. तिथे थॅलिमाइडसारखा अवजड ऋण आयन मागून नीट शिरू शकत नाही, तो शेजारचा हायड्रोजन काढून घेतो. तरंगत होतं ते ऑक्टीन. म्हणून सेकंडरी ब्रोमाइडला अझाइड बरं, तो आयन लांबट, बारीक आणि क्षारधर्माने दुबळा. टर्शरीला दोन्ही नाहीत. आणि बेंझीन वलयावरच्या साध्या ब्रोमीनलाही हा मार्ग नाही, म्हणून अनिलीन कुणी यातून करत नाही.

ताईंचं ब्रोमीन साखळीच्या टोकाला आहे. तिथे थॅलिमाइड अगदी सरळ चालतं. गॅब्रिएलनं १८८७ मध्ये हे दाखवलं तेव्हा अडचण वेगळीच होती, शेवटी थॅलिमाइड फोडायला तीव्र आम्लात खूप तापवावं लागे. १९२६ मध्ये इंग आणि मान्स्केंनी हायड्राझिन आणलं, आणि १९५० मध्ये शीहान आणि बोल्होफर यांनी पहिल्या पायरीला डीएमएफ वापरलं. ताई करणार आहे ती या दोन्हींची जोड.

हायड्राझिन नकोच असेल तर कणकुंबीने सांगितलेलं पाण्यातलं ४० टक्के मिथिलअमाईन आहे. जास्तीचं मिथिलअमाईन उडून जातं. मात्र ऑक्टिलथॅलिमाइड पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोल घालावा लागेल, वेळही जास्त लागेल.

वडगावकरीण

मॅडमशी बोलले. अझाइडची विल्हेवाट आणि ढाल ऐकल्यावर त्यांनीच थॅलिमाइड निवडलं. हायड्राझिन हूडमध्ये, दुहेरी हातमोज्यांत, असं ठरलं.

ब्रोमोऑक्टेन ९.६६ ग्रॅम, पोटॅशियम थॅलिमाइड १०.२ ग्रॅम, डीएमएफ ५० मिली, ८५ अंश. पोटॅशियम थॅलिमाइड पूर्ण विरघळलं नाही, पण हळूहळू जाड कणांच्या जागी बारीक पांढरी पूड दिसू लागली, ते पोटॅशियम ब्रोमाइड असावं. टीएलसीवर ब्रोमोऑक्टेन यूव्हीत दिसत नाही, उत्पादन दिसतं, म्हणून ठिपका वाढायचा थांबेपर्यंत चालवलं. बर्फाच्या पाण्यात ओतल्यावर आधी तेल आणि मग घोटल्यावर पांढरा घन झाला. उरलेलं थॅलिमाइड जावं म्हणून थंड, अगदी पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने झटकन धुतलं. ११.४ ग्रॅम मिळाला, ८८ टक्के. आयआरमध्ये १७७० आणि १७१० च्या आसपास दोन कार्बोनिल आणि एनएचचा पट्टा नाही.

आता अडचण. तो ११.४ ग्रॅम घन, अल्कोहोल १०० मिली, ८० टक्क्यांचं हायड्राझिन हायड्रेट ३.३ ग्रॅम, रिफ्लक्स. तासाभरात सगळं इतकं घट्ट झालं की चुंबक फिरायचा थांबला. गाळलेल्या द्रवातला थोडा भाग आटवला तर अमाईन जेमतेम दिसतंय. गेलं कुठे?

मलप्रभाकाठ

कुठे गेलं नाही, तुझ्या गाळणीवर बसलंय. ते पांढरं टाकू नकोस, परत फ्लास्कमध्ये घाल.

हायड्राझिनने थॅलिमाइड फोडलं की होणारं थॅलहायड्राझाइड स्वतः आम्लधर्मी आहे आणि तुझं अमाईन क्षारधर्मी. दोघं एकत्र क्षार होऊन बसतात. नुसतं गाळलं की अमाईन घनाबरोबर जातं, आणि पद्धतच खोटी असं वाटायला लागतं. थोडा अल्कोहोल घाल, काचेच्या कांडीने सैल कर, आणि थंड करून हायड्रोक्लोरिक आम्ल पीएच २ होईपर्यंत घाल. मग अर्धा तास गरम. आता अमाईन हायड्रोक्लोराइड होऊन द्रावणात येईल, थॅलहायड्राझाइड घन म्हणून मागे राहील. गाळून घन कोमट पातळ आम्लाने धू. अल्कोहोल आटव, पाणी घालून एकदा ईथरने धू. मग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर ने आणि ईथरने काढ. थॅलहायड्राझाइडचा उरलासुरला अंश अल्कलीत विरघळून पाण्यातच राहतो, तो ईथरमध्ये येत नाही.

ईथर कोरडा करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या घे. कॅल्शियम क्लोराइड नको, ते अमाईनला धरतं. आणि हायड्राझिनच्या पाण्यात खूप पाणी घालून हूडमध्ये हळूहळू ब्लीच, मगच टाक.

निपाणीकर_७८

आणि शेवटी हिन्सबर्ग करा. बेंझीनसल्फोनिल क्लोराइड घाला. अल्कलीत विरघळलं तर प्रायमरी, घन उरला तर सेकंडरी. वर्गात वर्षानुवर्षं शिकवतोय, कधी फसत नाही.

कणकुंबीचा

निपाणीकर सर, आठ कार्बनांना फसू शकतं. प्रायमरीच्या सल्फोनामाइडला आम्लधर्मी हायड्रोजन आहे हे खरं, पण साखळी लांब झाली की त्याचा सोडियम क्षारही पाण्यात नीट विरघळत नाही. शुद्ध ऑक्टिलअमाईन घेऊनही घन उरला तर ताई उगाच सेकंडरी समजून घाबरतील.

निपाणीकर_७८

मी ब्यूटिलअमाईनपर्यंत केलंय, तिथे स्वच्छ येतं. ऑक्टिलचं मी स्वतः पाहीन तेव्हा मानेन. ताई, थोडं करून बघा आणि इथे लिहा.

वडगावकरीण

सर, तुमचं अगदी बरोबर निघालं. आम्ल घातल्यावर घट्ट गोळा सैल होऊन दाणेदार झाला. शेवटी १७५ ते १८० च्या दरम्यान ४.६ ग्रॅम पाण्यासारखं स्वच्छ द्रव आलं, दुसऱ्या पायरीचं ८१ टक्के. फ्लास्कमध्ये मागे जवळजवळ काही राहिलं नाही. लगेच टायट्रेशन केलं: ०.२५८ ग्रॅमला ०.१ नॉर्मल आम्ल १९.९ मिली, समतुल्य भार १२९.६. आयआरमध्ये ३३०० ते ३४०० मध्ये एनएचचे दोन पट्टे, कार्बोनिल नाही.

हिन्सबर्गमध्ये थोडा घन राहिला. हलवल्यावर फेसाळतं, नीट विरघळलं असं म्हणवत नाही. निपाणीकर सर, याचं काय समजायचं ते तुम्हीच सांगा.

एक नवीन शंका. बाटलीच्या तोंडाशी आणि बुचावर पांढरं कवच धरलंय. त्यातलंच द्रव काही दिवसांनी पुन्हा टायट्रेट केलं तर १३४ आलं. थॅलहायड्राझाइड आलं की हायड्राझिन राहिलं?

मलप्रभाकाठ

हायड्राझिन नाही. ते हलकं, रेणुभार ३२. ते राहिलं असतं तर समतुल्य भार १२९ च्या खाली गेला असता. तुझा वर गेलाय. थॅलहायड्राझाइड ऊर्ध्वपातनात वर येत नाही, आणि आलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं काम आहे. प्रायमरी अमाईन तो शोषून कार्बामेट क्षार करतं, बुचावर दिसतंय ते तेच. टायट्रेशनमध्ये आम्ल घातल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटून जातो, अमाईन सगळं मोजलं जातं, पण वजनात मात्र त्याचा भार धरलेला असतो. म्हणून आकडा वाढतो. हवेतला ओलावा शिरला तरी वाढतो. डायऑक्टिल आपोआप तयार होत नाही, त्याची काळजी नको. कवच खरवडून नळीत घे, थेंबभर पातळ आम्ल टाक, बुडबुडे येतात का बघ.

वडगावकरीण

बुडबुडे आले, भरपूर. पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर ठेवून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं, आकडा १२९.५. आता छोट्या कुप्यांत नायट्रोजन भरून ठेवलंय.

निपाणीकर_७८

हिन्सबर्गच्या घनाबद्दल: तो गाळून धुवा आणि ताज्या, जास्त पाण्याच्या अल्कलीत टाका. हळूहळू गेला तर माझं खरं, नाही गेला तर कणकुंबीचं. जोडीला त्या जुन्या १७८ वाल्या मालाचंही करा, म्हणजे तुलना होईल.

हुक्केरीचा

माझ्या २-ब्रोमोऑक्टेनबद्दल एक विचारायचं राहिलं. ब्रोमाइडऐवजी २-ऑक्टॅनॉलचं मेसिलेट करून सोडियम अझाइड लावलं तर ऑक्टीन कमी होईल का? एकाच हाताचा अल्कोहोल घेतला तर अमाईन उलट्या हाताचं यायला हवं ना?

कणकुंबीचा

उलटंच येईल, मागून हल्ला असतो. ऑक्टीन थोडं तरी होणारच, तापमान ५० च्या वर नेऊ नका. आणि भागाकार तोच आहे, ८ भागिले ३. तेव्हा २० मिलिमोलच्या वर जाऊ नका, आणि मेसिलेट डायक्लोरोमिथेनमध्ये केलंत तर अझाइड घालायच्या आधी त्याचा थेंबही राहू देऊ नका.